गडमुडशिंगीच्या काकूंची रोपवाटिका

गडमुडशिंगीच्या एक काकू उसाची रोपं विकायच्या. त्यांची वेबसाइट मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघींनी कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात बनवली होती.

ऐन लागणीच्या हंगामात एका सकाळी बुकिंगचं पान उघडेना. आदल्या दिवशी मैत्रिणीनं सर्व्हरवर एक सूचना चालू केली होती: या साइटवर आणि तिच्या सगळ्या उपपत्त्यांवर, म्हणजे सबडोमेनवर, वर्षभर फक्त सुरक्षित जोडणीनंच यायचं. बुकिंगचं पान अशाच एका उपपत्त्यावर होतं आणि सुरक्षित जोडणीसाठी लागणारं त्याचं सर्टिफिकेट अजून घ्यायचं होतं. तिथं मुख्य साइटचंच सर्टिफिकेट दिसत होतं. नाव जुळत नसल्यानं ब्राउझर लोकांना अडवत होता, 'तरीही पुढे जा' हा पर्यायही देत नव्हता.

"सूचना काढून टाकते," मैत्रीण म्हणाली.

"ज्यांनी साइट उघडलीय, त्यांच्या ब्राउझरनं ती सूचना वर्षभरासाठी लक्षात ठेवलीय," मी म्हटलं. "सर्टिफिकेटच आणावं लागणार."

काकूंना फोन केला तेव्हा मैत्रीण रडायला लागली.

"अगं, रडतीस कशाला? साइट बंद हाय, म्हैस न्हाय मेली! फोनवर घेतो की बुकिंग."

दिवसभर त्या शेतकऱ्यांशी बोलत राहिल्या. संध्याकाळी नवं सर्टिफिकेट बसलं, पान उघडलं. मग पुन्हा काही चुकलं तर ब्राउझरनं ती लगेच विसरावी म्हणून मैत्रिणीनं सूचनेची वर्षाची मुदत काही मिनिटांवर आणली.

काकूंनी आमचं काम काढून घेतलं असतं, तर ऑफिस तिथंच बंद पडलं असतं. उलट पुढच्या आठवड्यात त्यांनी राधानगरीच्या भावाच्या डेअरीच्या वेबसाइटचं काम आमच्याकडं पाठवलं.