दोरीला बांधलेलं पेन

स्वयंपाकघरात खिळ्याला एक वही टांगलेली आहे आणि तिला दोरीनं पेन बांधलंय. दोरी हलताना दिसली की मला कुतूहल वाटतं, आत्ता कोण काय लिहून गेलं?

मी किराणा दुकानदार. गिऱ्हाइकांचा हिशेब चोख, घरखर्चाचा कधी ठेवलाच नाही. ही वही मुक्तानं, माझ्या मुलीनं, सुरू केली. तारीख, जमा, खर्च, शिल्लक. दुकानातून घरी साबण आणला तरी तो खरेदीभावानं खर्चात लिहायचा आणि तेवढे पैसे घरखर्चाच्या डब्यातून गल्ल्यात टाकायचे. रविवारी सकाळी डबा मोजून शिल्लकेशी ताडायचा.

तीन रविवार शंभर-शंभर कमी भरले.

"माझ्याच हातून कुठंतरी गेले असतील," बायको म्हणाली.

"असू दे, आई. खोडाखोड नको. खर्चात 'पत्ता नाही, शंभर' लिही आणि पुढं चल," मुक्ता म्हणाली.

पण बायकोनं रिक्षा सोडली. बाजाराच्या जड पिशव्या घेऊन चालत यायला लागली. मी बघत होतो आणि गप्प होतो. लिहिलेली ओळ माणसाकडे अशी टक लावून का बघते, कोण जाणे. न लिहिलेल्या खर्चानं मला कधी असं छळलं नव्हतं.

काल त्या तिन्ही ओळींपुढं मी लिहिलं: लॉटरी. मी.

बायकोनं वाचलं. मग पिशव्या माझ्या हातात दिल्या.

"आजपासून बाजार तुम्ही करा. चालत."

भाजी आणून मी तिचा खर्च लिहिला. दोरी हलत राहिली, आणि मुक्ता कुतूहलानं तिच्याकडे बघत होती.