गुरुजींच्या बुद्धिबळातला किडा

महाडला एसटी स्टँडजवळ माझं सायबर कॅफे होतं तेव्हाची गोष्ट. तेव्हा महाडात इंटरनेट एवढं सावकाश चालायचं, की एखादा गेम उतरवायला लावून मी वरंध घाट चढून भोरला जायचो, चहा प्यायचो, परत यायचो, आणि पट्टी अजून चाळीस टक्क्यांवरच असायची. ह्यात थोडी अतिशयोक्ती आहे. पट्टी पंचेचाळीसवर असायची.

दुकानात सहा कॉम्प्युटर होते आणि त्यांच्यात एकही विकतचं सॉफ्टवेअर नव्हतं, ह्याचा मला त्या काळात अभिमान होता. सगळं क्रॅक केलेलं. क्रॅक म्हणजे गेम विकणाऱ्याने लावलेलं कुलूप कुणीतरी तिसऱ्याने फोडून फुकट वाटायला ठेवलेला माल. त्यासोबत एक चिठ्ठी यायची. तिच्यात पहिली ओळ हमखास हीच, की आधी अँटीव्हायरस बंद करा. मी ती ओळ सत्यनारायणाच्या पोथीसारखी पाळायचो. अँटीव्हायरस क्रॅकवर नेहमीच भुंकतो, त्याची खोडच आहे ती, असं मी गिऱ्हाइकांना छाती पुढे काढून सांगायचो. ते अर्धं खरंही होतं. निरुपद्रवी क्रॅकवरही तो भुंकायचा. पण त्यामुळे खरा चोर आला तरी आम्ही अँटीव्हायरसलाच गप्प करायला शिकलो.

मग मोबाईल आले. कॉम्प्युटरसारखे, बाहेरचे प्रोग्रॅम आत घेणारे महागडे मोबाईल मुंबईला असलेली पोरं वापरून झाल्यावर गावी बापाला देत. पोलादपूरचे एक गुरुजी तसाच एक फोन घेऊन माझ्याकडे आले. कुडपण गावच्या डोंगरावरच्या शाळेवर होते. गणित शिकवायचे, रात्री आठला झोपायचे, आणि शाळा तपासायला येणारा साहेबसुद्धा त्यांच्यासमोर शर्टाचं वरचं बटण लावायचा.

"ह्यात बुद्धिबळ बसतं म्हणे," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, तुम्ही सांगा, ह्यात पानिपतही बसवतो."

"पानिपत नको. बुद्धिबळ पुरे."

विकतचं बुद्धिबळ पाच दिवस फुकट खेळता यायचं, मग पैसे मागायचं. मी कशाला पैसे मागू देतोय? क्रॅक केलेलं शोधलं, केबल लावून फोनमध्ये टाकलं. फोनने विचारलं, हा प्रोग्रॅम कुणी दिला त्याची खात्री पटत नाही, तरी पुढे जायचं का? मी होय दाबलं. हा प्रश्न मी दिवसाला पन्नास वेळा होयने उडवायचो. बुद्धिबळ सुरू झालं, हत्ती-घोडे ठणठणीत. गुरुजी खूष. मी पैसेसुद्धा घेतले नाहीत, म्हणालो, "तुमच्याकडून काय घ्यायचं!"

आतला प्रकार मला पुढे कळला. बुद्धिबळ खरंच बुद्धिबळ होतं. कुलूप फोडणाऱ्याने, किंवा त्याच्याकडून घेऊन पुन्हा वाटणाऱ्याने, त्याच पुडक्यात दुसरी एक छोटी पुडी ठेवली होती. तिच्यात किडा होता, म्हणजे फोनचा व्हायरस. मोठं पुडकं बसलं की छोटीही गुपचूप बसायची आणि फोन चालू झाला की आपोआप चालू व्हायची. गेम नीट चालतो म्हणून कुणाला शंका येत नाही. बिघडलेला गेम दिला असता तर गुरुजी दुसऱ्या दिवशी परत आले असते. चांगला चालला, हाच घात होता.

त्या महिन्यात गुरुजींच्या मुलीची सोयरीक वरंधला ठरत होती. मुलगा महाडला कारखान्यात नोकरीला, घरची शेती, चांगली माणसं. साखरपुड्याचा दिवसही धरला होता. आणि एका सकाळी वरंधहून निरोप आला, की जरा थांबू या.

का ते कुणी सांगेना. शेवटी मुलाच्या मामाने गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं. गुरुजींच्या फोनवरून मुलाच्या वडिलांना संदेश गेला होता. वर इंग्रजी मथळा आणि खाली उघडायची फाईल. त्या मथळ्यात एक तीन अक्षरी इंग्रजी शब्द होता, जो सगळ्या महाराष्ट्राला इंग्रजी न शिकता कळतो.

गुरुजी माझ्या दुकानात आले तेव्हा मी ओरडा खायला तयार होतो. ते ओरडले नाहीत. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी काही पाठवलं नाही. पण हे मी कुणाला कसं सांगू? माझ्याच नावाने गेलंय. मुलगी जेवत नाही."

मी त्याच क्षणी खोटं बोललो. "मोबाईल कंपनीची चूक असणार, गुरुजी. टॉवर गोंधळतात." माझ्या आयुष्यात मी हजार थापा मारल्या, पण एवढी हलकी दुसरी नाही. कारण बोलताबोलताच माझ्या टेबलावरच्या फोनवर प्रश्न आला होता: ब्लूटूथवरून 'गुरुजी' काही पाठवतायत, घ्यायचं का? आणि गुरुजींचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते.

मी नाही दाबलं. पुन्हा प्रश्न. पुन्हा नाही. पुन्हा प्रश्न. गुरुजींच्या खिशातला फोन जवळ असेपर्यंत प्रश्न थांबेचना. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शहरातला माणूस कदाचित पाच वेळा नाही म्हणेल. आमच्याकडे ओळखीचा माणूस दारात येऊन तिसऱ्यांदा घे म्हणाला, तर नाय म्हणायची सोय नाही. त्यात पडद्यावर नाव 'गुरुजी'. महाड-पोलादपुरात त्या नावाला नाही कोण म्हणणार?

मी गुरुजींना खरं सांगितलं. बुद्धिबळ कुठून आणलं, फोनने काय विचारलं, मी काय दाबलं, सगळं.

"फोनने विचारलं होतं म्हणता?"

"हो."

"आणि तुम्ही वाचलंत?"

"वाचायची सवय नाही राहिली, गुरुजी."

"मग वरंधला चला," ते म्हणाले. "हेच तिथे सांगा."

मी फोन मुद्दाम साफ केला नाही. बॅलन्स त्या किड्याने आधीच खाऊन संपवला होता, त्यामुळे आणखी संदेश जायची भीती नव्हती. ब्लूटूथला बॅलन्स लागत नाही. रविवारी आम्ही वरंधला त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. मुलाच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्याकडेही मुंबईच्या थोरल्या मुलाने दिलेला तसाच फोन होता, खिशाला जड. चहा आला, पण कपांचा आवाज जरा जास्तच होत होता.

अण्णा म्हणाले, "गुरुजी, तुमच्याबद्दल आमचं कायच म्हणणं नाय. पण पोरगी देताना-घेताना घर बघावं लागतं. ह्या वयात असलं..."

"अण्णा, जरा बघा," मी म्हणालो. गुरुजींचा फोन मी पडवीच्या मधोमध घडवंचीवर ठेवला. माझा स्वतःचा फोन अण्णांच्या हातात दिला. "कुणी हात लावायचा नाही. आता काय होतं ते मोठ्याने वाचा."

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. अण्णा वाचू लागले, "गुरुजी... पाठवतायत... घ्यायचं का... अरे, पण हे तर हितं बसलेत!"

"नाही दाबा."

त्यांनी दाबलं. पुन्हा आला. सहा वेळा आला. अण्णांच्या बायको आतून दाराशी आल्या. "अवो, तो फोन भुतानं धरलाय का?"

"वहिनी, भूत बरं. ते निदान पिंपळावर राहतं," मी म्हणालो. "आणि अण्णा, तुम्हाला आलेल्या त्या संदेशाची वेळ बघा. किती वाजता आला?"

अण्णांनी खिशातला फोन काढला, डोळे बारीक केले. "पहाटे तीन."

"गुरुजी आठला झोपतात. असले काही किडे घड्याळ बघून काम करतात. दिवसा आजूबाजूच्या फोनना छळायचं, आणि माणूस झोपला की त्याच्या यादीतल्या सगळ्यांना संदेश पाठवायचे."

पडवी जरा सैल झाली. तेवढ्यात अण्णांच्या हातातला माझा फोन पुन्हा वाजला. ते सवयीने वाचू लागले, "अण्णा... पाठवतायत... घ्यायचं..." आणि थांबले.

पडवीत एवढी शांतता पसरली, की खाली सावित्री नदीला पाणी किती आहे ते ऐकू आलं असतं. सावित्री तिथून लांब आहे, पण मला आलं.

"अण्णा," मी शक्य तितक्या हळू विचारलं, "गुरुजींची ती फाईल तुम्ही उघडली होतीत?"

अण्णांनी छपराकडे बघितलं.

"साध्या फोनवर ती उघडत नाही, नुसता मथळा दिसतो. तुमच्यासारख्या फोनवर उघडून होय म्हटलं, तरच ती आत बसते. आणि मग तुमच्या यादीतल्या सगळ्यांना..."

"म्हंजी," वहिनी म्हणाल्या, "आपला भजनी मंडळाचा बुवा दोन आठवडे तुमच्याशी बोलत नाय, तो ह्याच्यापायी?"

"मला वाटलं गुरुजींनी पाठवलंय तर काय तरी शैक्षणिक आसंल," अण्णा म्हणाले.

गुरुजी आधी हसले. मग अण्णा. मग वहिनी पदर तोंडाला लावून एवढ्या हसल्या की त्यांना आत जावं लागलं. साखरपुडा त्याच तारखेला झाला.

मी तिथेच दोन्ही फोन साफ केले. लपलेली फाईल शोधून काढली, कार्ड पुसलं. बुद्धिबळही गेलं. मला वाटलं सुटलो. पण परतीच्या गाडीत गुरुजी म्हणाले, "माझ्या यादीत बासष्ट नावं आहेत. अण्णा धरून. उरलेल्या एकसष्ट जणांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"प्रत्येकाला. तुम्ही काय दाबलंत त्यासकट."

तीन दिवस मी दुकानाच्या फोनवरून एकेकाला सांगत होतो. बहुतेकांचे फोन साधे, त्यांना काही आलंच नव्हतं. काहींना मथळा आला होता. काही म्हणाले, आम्हाला वाटलंच, गुरुजी तसे नव्हेत. पण काही जण जरा थांबून हसले, आणि ते थांबणं मला आजही आठवतं. किडा काढता येतो. त्या थांबण्याला माझ्याकडे काही साधन नव्हतं. आणि तो संशय मीच फुकट वाटला होता, चांगुलपणाच्या नावाखाली.

चौथ्या दिवशी गुरुजी आले. "काय म्हणाले लोक?"

"एकसष्टच्या एकसष्ट म्हणाले, आमचा विश्वासच बसला नव्हता."

"एकसष्टच्या एकसष्ट?" गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "मी गणित शिकवतो हो. बरं, बाकीचं राहू द्या. आमच्या मुख्याध्यापिका बाई काय म्हणाल्या, तेवढं खरं सांगा. वीस वर्षं एका शाळेत आहोत."

थाप जिभेवर तयार होती. चांगली, गोल, पटेल अशी. मी ती गिळली.

"त्या म्हणाल्या, पुरुषांचं काही सांगता येत नाही. मग मी समजावलं तर म्हणाल्या, असेलही."

गुरुजींनी मान हलवली. फोन काढला, नाव शोधलं, आणि माझ्यासमोरच लावला.

"बाई, मी बोलतोय," ते म्हणाले. "दोन मिनिटं आहेत का?"