तात्यारावांनी उघडून पाहिलेली लिंक

मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तात्यारावांचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकान बेताचंच, पण बाजारात नवीन वाणाचं बियाणं आलं की आजूबाजूचे दुकानदार आधी एकच विचारतात, "तात्यारावांनी पोतं फोडलं का?" रीतच पडून गेली आहे तशी. तात्याराव एक पोतं स्वतःसाठी घेतात, त्याची शिवण बोटांनी चाचपतात, लेबलावरची तारीख चष्मा वर करून वाचतात, मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. मोड आले की मान हलवतात. ती मान हलेपर्यंत बाकीचे माल उचलत नाहीत.

माणूस जन्माचा संशयी. घरी पाहुणा आला तरी आधी पायांतल्या चपला बघणार, मग चेहरा. त्यांच्या पत्नी चतुराबाई म्हणतात, "माझ्या बापानं न मागता हुंडा देतो म्हणल्यावर ह्यांनी महिनाभर इचार केला, पोरीत काय खोट हाय म्हणून."

"मग? सापडली ना," तात्याराव शांतपणे म्हणतात.

अशा माणसाच्या मोबाईलवर ते निमंत्रण आलं. पाठवणारी सविता. वालूरची, कृषी पदवीधर, वडिलांचं दुकान सांभाळणारी, आणि नुकतीच विक्रेत्यांच्या संघटनेची सचिव झालेली. निमंत्रणावर लाल भोंग्यांची चित्रं होती. खाली मजकूर: कृषी निविष्ठा (बियाणं, खतं, कीटकनाशकं) विक्रेत्यांसाठी मोफत वेबिनार. गुलाबी बोंडअळी आणि कीटकनाशकांची जबाबदार विक्री. आपण काय शिकाल? सापळ्यातले पतंग पाहून फवारणीचा सल्ला केव्हा द्यावा. कोणती औषधं एकमेकांत मिसळू नयेत. विषबाधा झाल्यास दवाखान्यात नेईपर्यंत काय करावं. वक्त्या डॉ. शिवकन्या, कीटकशास्त्र तज्ज्ञ, प्रदीर्घ अनुभव. जागा मर्यादित, त्वरा करा. आणि सगळ्यात शेवटी चार-दोन इंग्रजी अक्षरांची बुटकी लिंक.

तात्यारावांनी मोबाईल काउंटरवर पालथा घातला. लग्नपत्रिकेच्या नावानं आलेली फाईल उघडल्यानं सेलूच्या एका दुकानदाराचं खातं रिकामं झालं होतं, ते अजून कुणी विसरलं नव्हतं. फुकट, घाई आणि लिंक, तिन्ही एकाच ताटात. विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर शेजारचा दुकानदार बन्सीधर यानं विचारलंच, "तात्या, हे उघडायचं का?" तात्यारावांनी उत्तर दिलं, "हात लावू नका. मी बघतो."

गट गप्प झाला. दुसऱ्या दिवशी सविताचा फोन आला. आवाज ओढलेला.

"काका, एकानं पण नोंदणी केली न्हाई. ज्या संस्थेकडून बाईंना बोलावलंय ती म्हणतीय, परवापर्यंत माणसं जमली न्हाईत तर कार्यक्रम रद्द. माझा पहिलाच कार्यक्रम हाय. तुमी एवढं लिहा ना, की लिंक चांगली हाय."

"न बघता कसं लिव्हू?"

"माझ्यावर इश्वास न्हाई का?"

"तुझ्यावर हाय. लिंकवर न्हाई."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांना चैन पडेना. पोरगी खरी असली आणि आपल्या एका वाक्यानं तिचं काम बुडालं, तर? आणि आपण हो म्हटलं न् कुणाचं खातं साफ झालं, तर? दोन्हीकडून त्यांचाच शब्द जाणार होता. चतुराबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "घरात बसून कुठं मोड येतेत का? जाऊन बघा की." सकाळी तात्यारावांनी एसटी धरली, सेलूला बदलली आणि वालूरला उतरले.

सविता दुकानात एकटीच होती. तिनं स्टूल पुढं सरकवलं, चहा सांगितला. तात्यारावांनी चहाकडे पाहिलंही नाही.

"ही लिंक एवढी बुटकी का?"

"मोठी दिसायला बरी दिसत न्हाई म्हणून छोटी केली, काका."

"म्हणजी आत कुठं जायचं ते झाकलं. मोठी दिसू दे. आता तूच उघड, तुझ्या मोबाईलवर."

सवितानं उघडली. साधा गुगल फॉर्म निघाला. नाव, दुकान, तालुका, मोबाईल. पाचवा रकाना परवाना क्रमांकाचा.

"परवाना कशाला?"

"प्रमाणपत्रावर छापायला."

"प्रमाणपत्रावर नाव पुरतंय. काढ तो."

तिनं मुकाट्यानं रकाना काढला. पैसे, ओटीपी, आधार, कशाचीच मागणी नव्हती. कुठलं ॲप उतरवून घ्यायचं नव्हतं. फॉर्म भरणाऱ्याला सभेची लिंक सविताच मोबाईलवर पाठवणार होती. तिला वाटलं, झालं. पण तात्यारावांनी आता तिला मोबाईलवर निमंत्रण उघडायला लावलं आणि वक्त्यांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्या बाई कोणत्या गावच्या?"

"चारठाण्याच्या. मला कॉलेजात शिकवायला होत्या."

"मग लिव्हलं का न्हाई? आता कुठं असतेत?"

"प्रदीर्घ अनुभव लिव्हलंय की."

"ते मागचं झालं. आता काय करतेत ते इचारायलोय." तात्यारावांचं बोट हललं नाही. उसवून पुन्हा शिवलेलं पोतं त्यांना दुरूनच ओळखू येई. इथंही धागा वेगळा दिसत होता.

सवितानं मान खाली घातली. "कॉलेज सोडलंय त्यांनी. एका कीटकनाशक कंपनीच्या सल्लागार हायत. बाईंनी स्वतः लिव्हून दिलं होतं, काका. मीच काढलं. कंपनीचं नाव बघितलं की लोक म्हणतेत, माल खपवायला आल्या."

तात्यारावांच्या मनात आलं, आता उठावं आणि गटावर नाही म्हणून टाकावं. त्यांचा संशय खरा ठरला होता. एरवी अशा वेळी त्यांना बरं वाटे. आज वाटलं नाही. समोर बसलेल्या पोरीनं खोटं सांगितलं नव्हतं. चांगलं दिसावं म्हणून झाकलं होतं.

"बाईंना फोन लाव," ते म्हणाले.

डॉ. शिवकन्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या हसल्या. "काका, मी तर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. लोकांना कळायलाच पाहिजे. कळलं नाही तर मी बोललेलं त्यांनी तोलायचं कसं?"

"आमी वाकडं इचारलं तर?"

"विचारा. वाकडंच विचारा."

तात्यारावांनी पहिल्यांदा चहाचा घोट घेतला. निवला होता. मग दोघांनी मिळून निमंत्रण पुन्हा लिहिलं. भोंगे गेले, त्वरा गेली. वक्त्यांच्या नावापुढं लिहिलं: मूळ गाव चारठाणा, पूर्वी कृषी महाविद्यालयात प्राध्यापक, सध्या कीटकनाशक कंपनीच्या सल्लागार. कंपनीचं नावही घातलं. शिकण्याचे मुद्दे तसेच राहिले. खाली संपूर्ण लिंक, आणि "शंका असल्यास सविताला फोन करा" असं म्हणून तिचा नंबर.

तिथंच बसून तात्यारावांनी आपल्या मोबाईलवर लिंक उघडून स्वतःचं नाव भरलं. मग गटावर लिहिलं, "मी फॉर्म भरलाय. बाई कंपनीच्या हायत. ते ध्यानात ठेवून ऐका." परतीची गाडी येईपर्यंत सविताच्या मोबाईलवर नावं यायला लागली होती. पहिलं बन्सीधरचं. त्यानं फोन करून खात्रीही केली, दोनदा.

वेबिनारच्या दिवशी चतुराबाईंनी दुकानाच्या काउंटरवर मोबाईल डब्याला टेकवून उभा केला. डॉक्टरबाईंनी सापळे दाखवले, विषबाधेचं सांगितलं, आपल्या कंपनीच्या औषधाचंही नाव घेतलं. प्रश्नांची वेळ आली तशी तात्यारावांनी माइक सुरू केला.

"बाई, तुमच्या कंपनीचं औषध नकोच म्हणलं, तर ह्याच अळीवर दुसरं काय चालतंय?"

स्क्रीनवर सविता ओठ चावत होती. डॉक्टरबाईंनी आधी फवारणी लागेलच असं नाही हे सांगितलं, आणि मग दुसऱ्या कंपन्या विकतात ते दोन पर्याय, त्यांतल्या रसायनाच्या नावासकट, सावकाश सांगितले.

तात्यारावांनी दोन्ही नावं खडूनं गोदामाच्या दारावर लिहून घेतली. माइक बंद करून चतुराबाईंना म्हणाले, "उद्या ही दोन्ही औषधं खरी हायत का बघतो."