आभाराच्या कागदावरचं दुसरं नाव

नातीच्या पतंगासाठी मैद्याची खळ शिजवत होते. तिचा तो आंबूस, कोमट वास आला आणि मी एकाहत्तर सालच्या कोल्हारच्या मांडवात जाऊन उभी राहिले. लग्नाला वर्षही न झालेली, हातात माईक.

गणपतीपुढं देखाव्याला खळीत बुडवलेल्या गोणपाटाचा मोठा डोंगर केला होता. विसर्जनानंतर, ज्या क्रमानं काम झालं त्याच क्रमानं राबणाऱ्यांचे आभार वाचायची रीत. अक्षर बरं म्हणून कागद मी लिहिलेला. पण मिरवणुकीत चिटणिसांचा घसा बसला आणि ते म्हणाले, "वहिनी, आता तुमीच वाचा."

पहिलं नाव बांबू देणाऱ्याचं. ते वाचलं. दुसरं डोंगराचा सांगाडा बांधणाऱ्याचं, म्हणजे ह्यांचं. लिहिताना हात अडला नव्हता, जीभ मात्र अडली. समोर सासूबाई बसलेल्या, आणि नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं.

मांडवातल्या माना अध्यक्षांकडे वळल्या. सांगाड्यावरून ह्यांचं आणि अध्यक्षांचं वाजलेलं सगळ्यांना ठाऊक होतं.

"नाव गाळलं व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. हे ताडकन उठून निघालेच.

"म्या न्हाई गाळलं!" अध्यक्ष म्हणाले. कुणी ऐकेना.

"सांगाडा बांधणारे दत्तात्रय," मी म्हणाले. कर्ण्यातून ते पार प्रवरा नदीपर्यंत गेलं असेल. "मंडळ त्यांचं आभारी आहे."

हे जागीच थांबले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. रागानं की हसू लपवायला, ते भीतीपोटी मी बघितलंच नाही. आता वाटतं, बघायला हवं होतं.

पुढं सबंध संसार झाला. ह्यांचे आभार मी तेवढे एकदाच मानले, आणि तेही मंडळाच्या वतीनं.