पिवळ्या पट्टीतली ओळ

प्रयोगशाळा सहायकांचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या त्या छोट्या संस्थेत रसायनशास्त्राच्या मॅडमना मुलं पाठीमागे ‘पिवळ्या बाई’ म्हणायची. साडी पिवळी नेसायच्या म्हणून नव्हे. त्यांच्या व्हिडिओंत महत्त्वाच्या ओळीवर पिवळी पट्टी सरकत यायची, म्हणून. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. नोकरीत इतकी वर्षं गेल्यावर पहिल्यांदाच त्यांच्या कामावरून कुणी त्यांना नाव दिलं होतं.

व्हिडिओ करायची वेळ आली ती पुस्तकामुळे. अभ्यासक्रमाचं पुस्तक छापणं बंद झालेलं, ग्रंथालयात एकच प्रत, तिचीही पानं सुटत आलेली. त्यात इमारतीची डागडुजी निघाली, वर्ग बंद पडले आणि परीक्षा मात्र ठरल्या तारखेला. मॅडम पुस्तक घरी घेऊन आल्या. खिडकीपाशी जमिनीवर पांढरी चादर अंथरली, पान सपाट राहावं म्हणून कडेला वजनं ठेवली आणि दोन स्टुलांवर आडवी फळी टाकून तिच्या भोकातून मोबाइलने फोटो काढायला लागल्या. दुपारी ऊन थेट आलं की पान चकाकायचं, ढग आला की काळवंडायचं.

“एवढी उठाठेव कशाला?” नवरा विचारायचा. “फोटो पाठवून दे, वाचतील त्यांची ती.”

“नुसतं पान दिलं तर पोरं पान पाठ करतात. समजावून सांगायला नको?”

फोटो तिरपे यायचे. मग मोबाइलवर चारी कोपरे ओढून पान सरळ करायचं, वरची धड्याच्या नावाची पट्टी आणि खालचा पान क्रमांक कापून टाकायचा, म्हणजे अक्षरं मोठी दिसतात. स्पष्टीकरण वेगळं रेकॉर्ड करायचं. पंखा बंद, खिडक्या बंद, कपाटाचं दार उघडून लोंबत्या साड्यांच्या पुढ्यात बसायचं, कारण मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. मग संपादनाच्या ॲपमध्ये खाली आवाजाची रेघ आणि वर फोटो. ज्या वाक्याला जे पान, ते तितका वेळ ताणायचं. शेवटी पिवळी पट्टी: ओळीवर टाकायची, खालची अक्षरं दिसतील इतकी फिकट करायची आणि आवाज त्या ओळीवर येईल तेव्हाच उमटेल अशी बसवायची. दहा मिनिटांच्या व्हिडिओला सगळा रविवार जायचा.

वर्गात एक मुलगी होती. एका कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला श्रवणयंत्र. ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून बरंचसं ओळखायची, म्हणून कायम पहिल्या बाकावर. स्वतः फारसं बोलायची नाही. मुलं तिला ‘मौनी’ म्हणायची, तिलाही त्याचं काही वाटत नसे. वडील पहारेकरी, आई घरी शिवणकाम करायची. घरात पुढे शिकलेली ही पहिलीच.

पहिले दोन व्हिडिओ वर्गाच्या मोबाइलवरच्या गटावर आले, तेव्हा मौनी कार्यालयाबाहेर मॅडमना भेटली. “मॅडम, व्हिडिओत तुमचं तोंड दिसत नाही.”

मॅडम हसल्या. “माझं तोंड काय बघायचंय, पुस्तक बघ! पिवळं दिसेल तेवढं नीट वाच. त्यातच सगळं आलं.”

मौनीनं मान डोलावली. खिशाएवढ्या मोबाइलमधून येणारा आवाज तिच्या यंत्राला नुसती घरघर वाटायचा. तिनं आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ बघायला सुरुवात केली. पट्टीतल्या ओळी ती वहीत उतरवून घ्यायची आणि पाठ करायची.

आम्लांच्या धड्याचा व्हिडिओ झाला तो घाईघाईत. त्या धड्यात एक वाक्य डाव्या पानाच्या तळाशी सुरू होऊन उजव्या पानावर जात होतं. डाव्या पानाची शेवटची ओळ होती, ‘सौम्य आम्ल तयार करताना संहत आम्लात पाणी’. उजव्या पानाची पहिली ओळ, ‘कधीही ओतू नये. संहत आम्ल पाण्यात’. आणि दुसरी, ‘थोडे थोडे, काचेच्या कांडीने ढवळत ओतावे.’ उजव्या पानावरची धड्याच्या नावाची पट्टी कापताना कापायची चौकट किंचित खाली गेली आणि पहिली ओळही पट्टीबरोबर गेली. उरलं ते असं: संहत आम्लात पाणी थोडे थोडे, काचेच्या कांडीने ढवळत ओतावे. दोन्ही ओळींवर पिवळी पट्टी.

मॅडमचा आवाज मात्र बिनचूक होता. “नीट ऐका. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. पाणी आम्लात ओतलं तर इतकी उष्णता सुटते की वरच्या वर उकळून अंगावर उडतं.” व्हिडिओ तयार झाल्यावर त्यांनी तो तपासला तो कपड्यांना इस्त्री करता करता. कानाला सगळं बरोबर लागलं. त्यांनी तो पाठवून दिला.

वर्ग पुन्हा उघडले ते थेट प्रात्यक्षिकाच्या सरावाला. सौम्य गंधकाम्लाची बाटली रिकामी होती. ते बनवणं हाच त्या दिवशीचा एक प्रयोग. संरक्षक चष्मे मुलांपेक्षा कमी, पट्टे सैल झालेले. मॅडम खोलीच्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्या गटाचं मोजमाप बघत होत्या. मौनीनं संहत आम्ल बीकरमध्ये घेतलं. मोजपात्रातल्या पाण्याची पातळी खुणेवर नीट दिसेना, म्हणून चष्मा कपाळावर सरकवला, आणि बीकरमध्ये कांडी धरून त्यात पाणी सोडलं.

तव्यावर पाणी पडावं तसा आवाज आला. मौनी ओरडली नाही. दोन्ही हात चेहऱ्यापाशी नेऊन नुसती उभी राहिली. ओरडले ते बाकीचे.

मॅडमनी तिला ओढत नळाशी नेलं आणि तोंडावर पाण्याची धार धरली. “डोळा उघड! डोळा उघडा ठेव, बाळा!” त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. यंत्र भिजून बंद पडलं होतं आणि मिटल्या डोळ्यांना ओठ दिसत नव्हते. मौनीला काहीच कळत नव्हतं. तिला वाटलं, कुणीतरी आपलं डोकं पाण्यात दाबतंय. ती जिवाच्या आकांतानं हात झाडत राहिली. शेवटी मॅडमनी स्वतःच्या बोटांनी तिची पापणी उघडी धरली.

गालावरच्या आणि मानेवरच्या जखमा भरतील, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्याचं सांगता येत नाही, असंही म्हणाले.

दोन दिवसांनी मॅडम रुग्णालयात गेल्या. आई खाटेशी बसून होती. तिनं मॅडमकडे पाहिलं, पण बसा म्हणाली नाही.

“पोरगी म्हणते, तुमच्या व्हिडिओत तसंच होतं.”

“असं होऊच शकत नाही,” मॅडम ताबडतोब म्हणाल्या. “मी स्पष्ट सांगितलंय. ऐका तुम्ही.” त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, व्हिडिओ लावला. त्यांचाच आवाज वॉर्डात घुमला: पाणी आम्लात कधीच नाही. मॅडमच्या जिवात जीव आला. “बघा, आहे ना?”

आईनं मोबाइल घेतला, मुलीच्या हातात दिला. मौनीचा डावा डोळा उघडा होता. तिनं आधी आवाज पूर्ण बंद केला. मग व्हिडिओ मागे नेला, डावं पान थांबवलं, पिवळ्या ओळीवर बोट ठेवलं. पुढचं पान आलं, तेही थांबवलं आणि तिथल्या पिवळ्या ओळीवर बोट ठेवलं. मग मॅडमकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. वर्गात एखादी गोष्ट पुन्हा विचारायची असली की ती असंच बघायची.

मॅडमनी ते दोन तुकडे मनात जोडून वाचले. पलीकडच्या रिकाम्या खाटेवर त्या मटकन बसल्या.

“तिला ऐकू येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं ना?” आईनं विचारलं.

“होतं.”

“मग?”



चौकशी समितीत प्राचार्य, संस्थेचे एक पदाधिकारी आणि बाहेरचे एक निवृत्त प्राध्यापक होते. सगळ्यांनी व्हिडिओ पडद्यावर लावून मोठ्या आवाजात ऐकला. प्राध्यापकांनी मान हलवली. “सूचना अगदी स्पष्ट आहे. मुलीनं ऐकलं नाही आणि चष्माही काढला. निष्काळजीपणा तिचाच दिसतो.” प्राचार्यांनी सुस्कारा सोडला आणि फाइल मिटायला घेतली.

“एक मिनिट,” मॅडम म्हणाल्या. “आता आवाज बंद करून बघा.”

“कशासाठी?”

“तिनं जसा बघितला तसा बघा.”

त्यांनी स्वतः उठून आवाज बंद केला. पडद्यावर पानं सरकली, पट्ट्या उमटल्या. पहिल्या फेरीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. मॅडमनी पान थांबवून पुस्तकाची मूळ प्रत शेजारी उघडी धरली आणि गेलेल्या ओळीवर बोट ठेवलं. प्राचार्यांनी फाइल पुन्हा उघडली.

प्राचार्यांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. “काय केलंत हे? प्रकरण मिटत आलं होतं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात.”

“मिटत आलं होतं ते तिच्या माथी मारून, सर.”

“संस्थेचं नाव जाईल.”

“तिचा डोळा गेलाय.”

अहवालात ठपका मॅडमवर आला. मौनीवरचा निष्काळजीपणाचा शेरा निघाला आणि उपचारांची जबाबदारी संस्थेनं उचलली, एवढंच त्यातून साधलं. मॅडमची नेमणूक वर्षावर्षाची असायची, पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं नाही. नवऱ्यानं त्यांना एका शब्दानंही दुखावलं नाही, पण चादर, फळी, स्टुलं सगळं त्यानं आवरून माळ्यावर टाकलं. मॅडमनी ते पुन्हा खाली काढलं. सगळे धडे पहिल्यापासून करायला घेतले: पान कापायचं नाही, वाक्य दोन पानांवर असेल तर दोन्ही पानं एकत्र दाखवायची, बोललेला प्रत्येक शब्द खाली लिहायचा, कोपऱ्यात स्वतःचा चेहरा ठेवायचा. आणि तपासताना एकदा नुसतं ऐकायचं, एकदा नुसतं बघायचं. आम्लांचा धडा पहिला झाला. तो त्यांनी मौनीला पाठवला. तिनं तो पाहिला, एवढी खूण मोबाइलवर उमटली. उत्तर आलं नाही.

मौनीच्या उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळू लागला, त्यापुढे नाही. परत येऊन शिक्षण पुरं कर म्हणून संस्थेनं तिला दोनदा कळवलं. ती एकदा आली, प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेली, आत बाटल्यांचा खळखळाट झाला तशी मागे फिरली. आता ती आईबरोबर काजं-बटणं करते. मॅडम दोनदा तिच्या घरी जाऊन आल्या. पहिल्यांदा आईनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा पाणी दिलं आणि म्हणाली, “तुम्ही खरं बोललात, ते कळलं आम्हाला. पण आता येत जाऊ नका. तुम्ही गेलात की ती दिवसभर जेवत नाही.” मॅडम पुन्हा गेल्या नाहीत.

जुना व्हिडिओ त्यांनी गटावरून केव्हाच काढून टाकला होता. पण तो तोवर पुढे गेला होता, या मोबाइलवरून त्या मोबाइलवर, दुसऱ्या संस्थांत, दुसऱ्या गावांत. चांगला समजावलाय म्हणून मुलं तो एकमेकांना पाठवत राहिली. अनोळखी नंबरांवरून अजूनही कधी कधी आभाराचे संदेश येतात. मॅडम हातातलं काम टाकून लगेच उत्तर लिहितात: हा व्हिडिओ चुकीचा आहे, पुसून टाका, सोबत नवा पाठवते आहे, तुम्हाला ज्यांनी दिला त्यांनाही सांगा. काहीजण पुसतो म्हणतात. बरेचसे उत्तर देत नाहीत.