सहा महिन्यांच्या मापाचा स्वेटर

आषाढात, एका मंगळवारी सकाळी, माझी पत्नी वारली. दुपारी तिला नेलं. मुलगी पुण्याहून रात्री पोचली. ती तेव्हा चौथ्या महिन्यात होती.

तेरावं झाल्यावर मेहुणीने, म्हणजे पत्नीच्या धाकट्या बहिणीने, कपाट आवरायला घेतलं. साड्यांच्या मागे एक कापडी पिशवी निघाली. तिच्यात साईच्या रंगाच्या लोकरीचे तीन गुंडे आणि इंटरनेटवरून काढलेल्या छापील कागदांचा एक जुडगा होता. लहान मुलाच्या, पुढून बटणांच्या स्वेटरचा विणकामाचा नमुना. वर तीन मापं दिली होती: तीन महिने, सहा महिने, एक वर्ष. सहा महिन्यांवर पेन्सिलीने गोल केलेला होता. बाळ हिवाळ्यात यायचं होतं. बाह्या दुमडून घातला की पूर्ण थंडी निघेल असा तिचा हिशेब असणार.

मेहुणी गुंडे मांडीवर घेऊन पलंगावर बसली. म्हणाली, "ताईनं घेतलं हाये तर मी विणते, भाऊजी. पण तो इंग्रजी कागद तुम्ही पाहा. मले त्यातलं काही समजत नाई."

आमच्या घरी विणकामाचं काम असंच वाटलेलं होतं. मला सुई धरता येत नाही. पत्नीला इंग्रजी वाचता यायचं, पण नमुन्यातली संक्षिप्त अक्षरं वाचायचा तिला कंटाळा. ती म्हणायची, "वाच," आणि मी खुर्चीत बसून ओळ ओळ वाचायचो. मात्र टाके घालण्याआधी ती मला एकदा पूर्ण नमुना शेवटापर्यंत वाचायला लावायची. फुकटच्या नमुन्यावर तिचा विश्वास नसे. विकतचा नमुना कुणीतरी दुसऱ्याने विणून तपासलेला असतो, फुकटचा बहुतेक वेळा ज्याने लिहिला त्यानेच पाहिलेला असतो, असं तिचं म्हणणं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. छापलेल्या गोष्टीवर माझा विश्वास चटकन बसतो. तिचा बसत नसे.

आता वाचायला मी एकटाच होतो, आणि चूक झाली तर ती लोकरीत होणार होती. ही लोकर केसाळ. एकदा विणून उसवली की तंतू एकमेकांत गुंततात, ओढलं तर तुटतात. मी बाजारातल्या दुकानात एक धागा घेऊन गेलो. दुकानदाराने तो उजेडात धरला आणि मान हलवली. त्या रंगाचा नवा माल आला होता, पण त्यात पिवळट झाक होती. शेजारी धरल्यावर मलाही दिसली. म्हणजे तीन गुंड्यांवरच भागवायचं होतं, आणि पहिल्याच खेपेला.

मी कागद घेऊन बसलो. पहिली अडचण पहिल्याच पानावर होती. लोकर किती लागेल, तर तीन गुंडे, एवढंच लिहिलेलं. कोणत्या मापाला तीन, ते नाही. तीन महिन्यांच्या स्वेटरला तीन लागत असतील तर सहा महिन्यांच्या स्वेटरला पुरणार नाहीत. फोटो एकच होता, गळ्याचा आणि एका खांद्याचा. बाही कुठे संपते ते दिसत नव्हतं.

स्वेटर गळ्यापासून खाली विणायचा होता. सहा महिन्यांच्या मापाला सहासष्ट टाके घालायचे: पुढच्या दोन बाजूंना बारा-बारा, बाह्यांना दहा-दहा, पाठीला बावीस. बेरीज केली, सहासष्टच आली. मला उगाच हायसं वाटलं. पुढे लिहिलं होतं की बाही जिथे अंगाला मिळते त्या चार जागी, प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा. म्हणजे वाढीच्या एका ओळीत आठ टाके. असं पंधरा वेळा. त्याखाली छापलं होतं: आता सुईवर एकशे अठ्ठ्याहत्तर टाके असतील.

पंधरा आठे एकशे वीस. सहासष्ट अधिक एकशे वीस म्हणजे एकशे शहाऐंशी. मी पुन्हा केलं. मग कागदावर मांडलं. एकशे शहाऐंशीच.

आता पंधरा चूक की एकशे अठ्ठ्याहत्तर चूक? चौदा वेळा वाढवलं तर एकशे अठ्ठ्याहत्तर बरोबर येत होते. एक वाढ जास्त झाली तर काखेशी झोळ येईल, कमी झाली तर बाळाच्या दंडाला आवळेल. मी दोन दिवस त्या एका ओळीपाशी अडलो. जेवताना कागद ताटाशेजारी असे. हे तिने एका मिनिटात सांगितलं असतं, असं वाटायचं, आणि ते वाटलं की पुढचं सुचायचं नाही.

शेवटी पुढची ओळ वाचली तेव्हा सुटलं. तिथे अंग आणि बाह्या वेगळ्या करताना पाठीला बावन्न टाके सांगितले होते. बावीसमध्ये दर वेळी दोन मिळवत पंधरा वेळा गेलं तरच बावन्न होतात. चौदा वेळांत पन्नासच. बाहीचे चाळीसही पंधरा वेळांनीच येत होते. म्हणजे करायची कृती बरोबर होती, खाली लिहिलेली बेरीज तेवढी चुकली होती. मी ती खोडून वर १८६ लिहिलं.

बाहीच्या भागात मधलं मापच गायब होतं. मनगटाशी उरायचे टाके लहान मापाला बत्तीस, मोठ्याला छत्तीस. मधे काहीच नाही. ज्या पानावरून नमुना घेतला ते मोबाईलवर उघडलं. खाली कुणीतरी नेमका हाच प्रश्न विचारलेला होता. उत्तर कुणी दिलेलं नव्हतं. लहान मापाची बाही चाळीसवरून बत्तीसवर येत होती, मोठ्याची चव्वेचाळीसवरून छत्तीसवर. दोन्हीकडे आठ कमी. आपल्या बाहीचे चाळीस आणि काखेत घालायचे दोन, बेचाळीस. त्यातून आठ गेले, चौतीस. हे लिहिताना माझा हात थांबला, कारण हे कागदावर नव्हतं. ते मी ठरवत होतो.

दिवाळीनंतर मेहुणी तिच्या गावाहून, बोरी अरबहून, एसटीने आली. मी तिला सगळं वाचून दाखवलं आणि म्हणालो, आता चार इंचांचा एक चौकोन विणून पाहू. चार इंचांत बावीस टाके बसले पाहिजेत, नाहीतर बाकीचं सगळं फुकट.

तिने पिशवीला हात लावला नाही. "आत्ता नाई. लेकरू येऊ द्या आधी. यायच्या अगोदर त्याच्यासाठी टाके घालत नसतात."

"स्वेटर नाही गं विणायचा. नुसता चौकोन."

"त्याच्याच लोकरीचा ना? मंग?"

"बाळ आल्यावर मापाची चूक निघाली तर थंडी निघून जाईल."

"तुम्ही कायले एवढा जीव काढून राह्यले, भाऊजी? वजन पाहा सोताचं. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसून राह्यला."

तिने चहा केला. कपबशी माझ्यापुढे ठेवताना तिची नजर स्टुलावरच्या डागाकडे गेली.

"हे पाहा," ती म्हणाली, "लेकराच्या नावानं नाई घालत. तुमच्या नावानं घालते. कपाखाली ठेवाले एक चौकोन. मंग चालते."

"चालतं?"

"मीच सांगून राह्यली ना चालते म्हणून. इथं दुसरं कोण हाये विचाराले?" म्हणाली आणि तिचे डोळे भरले. तिने नाक पुसलं आणि विचारलं, "सुई कोणती?"

कागदावर सुई नंबर सहा होती. तिच्या डब्यात सहा नंबरची जोडी होती. तिने झरझर विणलं. मी पट्टी ठेवून मोजलं. चार इंचांत अठराच टाके.

"तुझा हात सैल आहे," मी म्हणालो.

"माझा हात सैल? बोरीत विचारा जाऊन. माझ्या स्वेटरमधून हवा जात नाई, मंग लेकरं रडतात गरमीनं!"

तिने खरंच चौकोन उजेडाकडे धरला. जाळीसारखा दिसत होता. ती विणकामात कच्ची नाही हे मला माहीत होतं. म्हणजे पुन्हा कागदच चूक. बेरजा दुरुस्त करता येत होत्या, पण हे मोजमापच खोटं असेल तर धरायला काही नव्हतं. आणि चौकोनात लोकर गेली होती ती गेलीच.

"ताईची अशी जाडी सुई मी कधी पाह्यली नाई बारीक लोकरीले," मेहुणी सुई बोटांत फिरवत म्हणाली. "सहा म्हणजे लय जाडी."

त्या बोलण्यावरून मी मोबाईलवर सुयांचे आकडे शोधले. आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत उलट, नंबर वाढेल तशी जाडी वाढते. तिथली सहा म्हणजे चार मिलिमीटर. आपली चार मिलिमीटरची सुई आठ नंबरची. लिहिणारी अमेरिकेतली होती, आणि दुसऱ्या कुठे दुसरे आकडे असतील हे तिच्या मनातही आलं नसेल. आमच्याही नाही आलं.

आठ नंबरची जोडी पत्नीच्या डब्यात होती. मेहुणीने दुसरा चौकोन घातला, तोही माझ्याच नावाने. मी दोनदा मोजलं. बावीस.

"आता तरी जेवान काय पोटभर?" तिने विचारलं.

मी जेवलो, पण काळजी गेली नव्हती. दोन चौकोनांची लोकर कमी झाली होती, आणि तीन गुंडे कोणत्या मापाला पुरतात ते अजूनही कुणाला माहीत नव्हतं.

मार्गशीर्षात नात झाली. बारसं झाल्यावर मेहुणी आली, कापसाची वेचणी जावेवर टाकून. तिने सहासष्ट टाके घातले. मी वाचत गेलो, ती विणत गेली. पंधराव्या वाढीनंतर आम्ही दोघांनी वेगवेगळे टाके मोजले. एकशे शहाऐंशी. तिने माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली.

नमुन्यात अंग आधी आणि बाह्या नंतर होत्या. मेहुणी म्हणाली, "आधी बाह्या करून घेते. लोकर खुटली तर अंग आखूड करता येते, पण एक बाही आखूड करता येत नाई." हे मला वाचून सुचलं नसतं. दोन्ही बाह्या मनगटाशी चौतीस टाक्यांवर बंद झाल्या आणि एकमेकींना जुळल्या. मग ती अंगाला लागली. शेवटच्या गुंड्याचा गोळा जसजसा लहान झाला तसा मी दर ओळीला त्याच्याकडे पाहायचो. कागदात सांगितली होती तेवढी लांबी झाली नाही. दोन बोटं कमी पडली. तिथे तिने काठ विणला आणि टाके बंद केले.

स्वेटर नातीच्या अंगात आहे, बाह्या एकेकदा दुमडलेल्या. लोकर संपली आहे.