ल्युबेनच्या दहा ओळी, एका दमात

डॅन्यूबच्या काठच्या त्या गावात माणूस मेला की तो दारावर चिकटतो. काळ्या चौकटीचा कागद, वर फोटो, खाली चार ओळी. एकदा मेला म्हणजे संपलं असं नाही. चाळिसाव्या दिवशी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा, वर्षानं परत नवा. बसथांब्यावर, बेकरीच्या भिंतीवर, बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या फाटकावर, जिकडे बघावं तिकडे गेलेली माणसं. जिवंत तरुण सगळे स्पेनला नाहीतर जर्मनीला.

या कागदांवरचा मजकूर गेली बारा वर्षं सावका देनेवा लिहीत होती. त्याआधी एकतीस वर्षं ती शाळेत भाषा आणि साहित्य शिकवायची. मग मुलंच उरली नाहीत, शाळेला कुलूप लागलं, आणि बाई गांचोच्या छापखान्यात येऊन बसल्या. गांचो तिचाच जुना विद्यार्थी, वर्गातला सगळ्यात ढ. आता तो मालक आणि बाई नोकर. तो कधीमधी तिला चिडवायचा, "बाई, बघा हं, मेलेल्यांना नापास करू नका." तीही सोडायची नाही. "तू पास झालास ना, मग आता कोणीही होईल."

पण खरं सांगायचं तर या कामानं तिची भाषा नासली होती, आणि हे तिला कळत होतं. रोज तेच. 'प्रेमळ पती, कष्टाळू पिता, तुझी उणीव कधी भरून येणार नाही.' गांचोकडे असल्या सतरा नमुन्यांची वही होती, गिऱ्हाईक आकड्यावर बोट ठेवायचं. दारुडा मेला तरी प्रेमळ, बायकोला मारणारा मेला तरी प्रेमळ. सगळे मेलेले एकाच आवाजात बोलायचे, आणि तो आवाज सावकाचा होता.

ऑगस्टात एका सकाळी नेद्याल्को आला. पूर्वी पैलतीराला जाणाऱ्या तरीवर कामाला होता, सत्तरी ओलांडलेला, हाताची बोटं दोरखंडानं वाकडी झालेली. त्याचा मुलगा ल्युबेन स्पेनमध्ये बांधकामावर होता. तीन वर्षं. त्याच्या मृत्यूला सहा महिने होत होते, त्याचा कागद काढायचा होता. म्हाताऱ्यानं खिशातून घडी घातलेलं पान काढलं.

"नमुना नको, बाई. हे छापायचं. त्यानं लिहिलेलं. त्याच्या पाकिटात सापडलं."

सावकानं वाचलं:

सकाळ. बादलीत पाणी गोठलेलं.
मी अंगठ्यानं फोडतो
एका माणसाचा चेहरा.
खाली गाव झोपेत,
कुणाचा कुत्राही
माझ्यावर भुंकत नाही.
आई, इथं
चुलीचा धूर नाही,
नुसतं सिमेंट
माझ्या कोटात राहायला आलंय.

ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली. ल्युबेन तिच्याच वर्गात होता, आणि तिला तो आठवेना. कोणत्या बाकावर बसायचा, काय लिहायचा, काही नाही. तरी ती म्हणाली, "हुशार होता हो." आणि म्हणताना तिची तिलाच लाज वाटली.

"छापू या की जसंच्या तसं."

"तिथंच तर घोडं अडलंय," नेद्याल्को म्हणाला. "माझ्या बायकोला, मित्राला, दिसत नाही आताशा. शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं. पोरगी प्रत्येक ओळीपाशी थांबते. 'मी अंगठ्यानं फोडतो', थांबली. 'आई, इथं', थांबली. मित्रा ओरडलीच. म्हणते, त्याला दम लागलाय, त्याला श्वास घेता येत नाहीये! मरताना लिहिलंय त्यानं हे!"

ल्युबेन कसा गेला हे गावाला ठाऊक होतं. खोलीत चौघंजण, बाहेर कडाका, एका पिंपात कोळसा पेटवून दारं-खिडक्या लावून झोपले. दोघं उठले, दोघं उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेला, काही कळलंसुद्धा नसेल. पण आईच्या कानात त्या तुटक्या ओळी बसल्या होत्या.

"आधीचं आहे हो ते, तारीख आहे मागे," नेद्याल्को म्हणाला. "पटत नाही तिला. सहा महिने झोप नाही. बाई, तुम्ही शाळेत करून घ्यायच्या ना, कवितेचं गद्य? ते करा. सरळ माणसासारखं, एका दमात वाचता येईल असं. पण त्याचंच राहू दे. माझा मुलगा त्यात दिसला पाहिजे."

काम सोपं वाटलं तिला. हजारदा मुलांकडून करून घेतलं होतं. दुपारपर्यंत तिनं लिहूनही टाकलं: 'थंडीच्या सकाळी गोठलेल्या पाण्यात मला माझा थकलेला चेहरा दिसतो. परक्या देशात मला कोणी ओळखत नाही. प्रिय आई, मला घरच्या उबेची फार आठवण येते, कारण इथं फक्त कष्ट आहेत.'

नेद्याल्कोनं चष्मा लावून वाचलं, परत वाचलं.

"बादली कुठं गेली?"

"अहो, पाणी आहे की."

"कुत्रा?"

सावकानं पुन्हा कागद बघितला. कुत्रा नव्हता. धूर नव्हता. सिमेंटचं 'कष्ट' झालं होतं.

"आणि 'माझा' कुठं म्हणालाय तो? एका माणसाचा चेहरा म्हणालाय. बाई, हा तर कुणाचाही मुलगा झाला. हे आमच्या आळीत तीन दारांवर चिकटलंय आधीच."

तिचे कान लाल झाले. म्हाताऱ्याचं एक अक्षरही खोटं नव्हतं. एकतीस वर्षं ती मुलांना सांगत आली होती की कवितेतलं चित्र काढून टाकून तिथं त्याचा अर्थ ठेवू नका, आणि तिनं स्वतः नेमकं तेच केलं होतं. 'प्रिय' तर हातानं आपोआप लिहिला होता. तिनं कागद टराटरा फाडला. गांचो आतून ओरडला, "काय झालं? गिऱ्हाईक मेलं?"

"गप बस रे, गाढवा."

मग ती खरी कामाला बसली. कोऱ्या पानावर आधी नुसत्या वस्तू लिहिल्या: बादली, अंगठा, चेहरा, कुत्रा, धूर, सिमेंट, कोट. यातलं एकही हलवायचं नाही, आणि आठवं काही आणायचं नाही. 'एकटा', 'उदास', 'परका' हे शब्द तर शिवायचेच नाहीत. त्यानं वापरले नव्हते, आणि म्हणून तर ते पान इतकं गार लागत होतं. क्रमही तोच, कारण तो हाताजवळच्या बादलीपासून निघून गावाकडे जातो, आईपर्यंत पोचतो आणि शेवटी आपल्याच कोटात परत येतो.

खरी अडचण ओळींची होती. 'मी अंगठ्यानं फोडतो' इथं ओळ तुटते, वाचणाऱ्याला वाटतं बर्फ फोडतोय, आणि खालच्या ओळीत चेहरा येतो. तो धक्का त्या मोकळ्या जागेतला होता. गद्यात मोकळी जागा नाही. मग चेहरा वाक्याच्या टोकालाच ठेवायला हवा. तिनं छोटी छोटी वाक्यं करून बघितली. गारठा हुबेहूब उतरला, पण मोठ्यानं वाचलं तर धाप तीच, पोरीच्या वाचण्यासारखी. मग सगळं 'आणि'नं जोडून एकच लांब वाक्य केलं. धाप गेली, पण ते पाळण्यासारखं झुलायला लागलं. ल्युबेन झुलत नव्हता हो. मध्येच तिनं 'कामावर जाताना' असं घातलं, सोयीचं वाटलं, आणि काढून टाकलं. तो कामावर जात होता का नुसता उभा होता, ते त्यानं सांगितलेलं नाही, तर आपण कोण सांगणार?

बर्फ त्या एकाच सकाळचा का रोजचा, हेही पान सांगत नव्हतं, आणि गद्याला तर काहीतरी ठरवावंच लागतं. तिनं नेद्याल्कोला फोन केला. तो म्हणाला, "रोजचा. फोनवर सांगायचा, हिवाळाभर आधी बादली फोडतो आणि मग तोंड धुतो म्हणून."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जे उरलं ते असं:

'सकाळी बादलीतलं पाणी गोठलेलं असतं, आणि मी अंगठ्यानं दाबलं की फुटतो तो एका माणसाचा चेहरा. खाली गाव झोपेत असतं आणि कुणाचा कुत्राही माझ्यावर भुंकत नाही. आई. इथं चुलीचा धूर नाही, नुसतं सिमेंट माझ्या कोटात राहायला आलंय.'

एकच थांबा तिनं ठेवला, 'आई'नंतर. बाकी सगळ्या तुटक्या जागा जोडल्या, पण ती जोडली असती तर त्या मुलानं नुसती हाक मारलीय असं झालं असतं. तिनं चारपाच वेळा मोठ्यानं वाचलं. श्वास पुरत होता. अन् मुलगा तिथंच होता. कित्येक वर्षांनी तिला आपल्या कामाचं समाधान वाटलं, आणि त्याचंही थोडं वाईट वाटलं.

रविवारी ती स्वतःच त्यांच्या घरी गेली. मित्रा चुलीजवळ बसली होती, मांडीवर मेलेल्यांच्या नावानं वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं भांडं. नेद्याल्कोनं राकियाचे, घरच्या फळांच्या दारूचे, दोन पेले भरले, त्यातले चार थेंब आधी गेलेल्यासाठी जमिनीवर सांडले.

"बाई आल्यात," तो म्हणाला. "ल्युबेनचं नीट करून आणलंय."

"नीट करण्यासारखं काय उरलंय," मित्रा म्हणाली. "वाचा."

सावकानं वाचलं. सावकाश, न अडखळता. 'आई'पाशी थांबली, मग शेवटपर्यंत गेली. मित्राचा हात गव्हात तसाच राहिला.

"दम लागत नाहीये त्याला," ती म्हणाली.

"नाही ना? मी काय म्हणत होतो!" नेद्याल्को एकदम पुढे वाकला. "शांतपणे लिहिलंय. झोपेत गेला गं तो. काही कळलं नाही त्याला."

"हो. शांत आहे," मित्रा म्हणाली. "आधी मला नुसता श्वासच ऐकू यायचा. शब्द कुठं ऐकले मी? आज ऐकले. कुत्रासुद्धा भुंकत नाही म्हणतो. अहो, आपल्याकडे चोरावरही भुंकतात. आणि रोजच? बादलीत रोज तोच चेहरा?"

नेद्याल्कोनं पेला खाली ठेवला.

"मला वाटायचं, माझा पोरगा एक रात्र तडफडला," मित्रा म्हणाली. "तुम्ही म्हणता, त्या रात्री त्याला काही झालं नाही. बरं. पण मग ही तीन वर्षं? फोनवर म्हणायचा, आई, मजेत आहे. मी म्हणायची, जेवलास का. तीन वर्षं मी त्याला नुसतं जेवलास का विचारलं."

नेद्याल्को उठून खिडकीकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. सावकाला वाटलं, तो आधीचा फाडलेला कागदच बरा होता. प्रिय आई, उबेची आठवण, असलं काहीतरी. त्यावर ही बाई रडली असती आणि झोपली असती. पण तो ल्युबेन नसता.

"छापू ना मग, मित्राताई?" तिनं हलकेच विचारलं. "का राहू दे?"

"छापा की. दारावर लावा, बेकरीवर लावा. बाकीच्या आयांनाही कळू दे." मित्रानं भांडं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "अजून एकदा वाचा. फक्त 'आई' म्हणून थांबू नका तिथं. थांबलात की वाटतं, तो माझ्या उत्तराची वाट बघतोय."

सावकानं कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागली.